दवाखान्यासाठी होल्ड म्युझिक: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या छोट्या दवाखान्यात रिसेप्शनला एकच जण असतं, त्यामुळे फोन होल्डवर ठेवावाच लागतो. पलीकडे बहुतेक वेळा अंगात ताप असलेलं किंवा रिपोर्टची धाकधूक लागलेलं कुणीतरी असतं. फोन सिस्टीमसोबत आलेली जुनी धून मोबाइलवर नुसती घरघरायची. म्हणून खास फोनसाठी बनवलेला गिटारचा लूप घेतला, आणि तो अजून कुणालाही नकोसा झालेला नाही.

साध्या फोन लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमधलाच आवाज जातो. खर्ज गळतो, वरची चमकही जाते. या लूपमध्ये मुळातच मधल्या पट्टीतले सुटे सूर आहेत, त्यामुळे गाळल्यावरही काही हरवल्यासारखं वाटत नाही. लक्षात राहील अशी चाल नाही, ठेका नाही. दोन सुरांमध्ये मोकळी जागा आहे, पण पूर्ण शांतता कुठेच नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण दोन-तीन सेकंद काहीच ऐकू आलं नाही की माणूस ‘हॅलो, हॅलो’ करतो आणि फोन ठेवून देतो.

खरी हुशारी सुरुवातीत आहे. आमच्याकडे लोक फार तर मिनिटभर थांबतात. लूप कितीही लांब असला तरी दर वेळी पहिल्यापासून सुरू झाला, तर नेहमी फोन करणाऱ्याच्या कानी तेच पहिलं मिनिट पडणार. इथे लूपचे चार तुकडे वेगळ्या फाइलमध्ये दिलेत आणि कुठलाही तुकडा आधी वाजला तरी चालतो. सिस्टीममध्ये क्रम ‘रँडम’ ठेवला की झालं. प्रत्येक तुकड्याच्या शेवटचा सूर विरत असतानाच पुढचा सुरू होतो, सांधा कळत नाही. मात्र फाइल WAV मध्येच टाका. MP3 केली की फाइलच्या टोकांना सूक्ष्म शांतता चिकटते आणि सांध्यावर उचकी लागते.

मध्यंतरी एकदा सूर पाण्याखालून आल्यासारखे थरथरू लागले. रिसेप्शनवर काहीच कळत नव्हतं, कारण तिथे होल्डचं संगीत ऐकूच येत नाही. बाहेरून मोबाइलवरून फोन लावला तेव्हा समजलं. बोलणं स्वच्छ आणि फक्त संगीत विस्कटलेलं, म्हणजे संशय कोडेकवर, आवाज दाबून लाइनवरून पाठवण्याच्या पद्धतीवर. सेवा देणाऱ्यांकडून लाइन G.729 वर गेली होती. तो कोडेक कमी डेटात माणसाचं बोलणं नेण्यासाठी आहे, संगीत त्याला झेपत नाही. G.711 परत लावून घेतलं आणि आवाज पूर्ववत झाला. मोबाइल नेटवर्कचा स्वतःचा कोडेक वेगळा, त्यामुळे रेंज कमी असली की थोडी थरथर राहतेच. त्यावर आपल्या हातात काही नाही.

आवाजाची पातळी मात्र आम्हाला कमी करावी लागली. रिसेप्शनिस्टच्या बोलण्यापेक्षा संगीत किंचित हळू हवं, नाहीतर होल्ड लागताच लोक फोन कानापासून दूर धरतात आणि परत बोलायला आलो की पहिलं वाक्य त्यांना ऐकू जात नाही.