एन ९ लिहू की एन ३? एकाच एमटीटीचा हिशोब तीन प्रकारे

परवा कुर्ल्याला हार्बरची वाट बघत उभी होते आणि लॅबमधल्या ज्युनियरचा मेसेज आला, "ताई, फिगरच्या लेजंडमध्ये एन किती टाकू, ९ की ३? ९ टाकलं तर स्टार येतो, ३ टाकलं की जातो." हा प्रश्न दर सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, म्हणून यावेळी आकड्यांसकट सविस्तर लिहिते.

प्रयोग साधाच आहे. एमसीएफ-७ हे ब्रेस्ट कॅन्सरचे सेल्स, ९६ वेलची प्लेट, काही वेलमध्ये औषध आणि काहींमध्ये नुसतं डीएमएसओ, मग एमटीटी घालून जिवंत सेल्समुळे येणारा जांभळा रंग ५७० नॅनोमीटरला वाचायचा. हे तीन वेगळ्या आठवड्यांत केलं, दरवेळी कंट्रोलच्या ३ वेल आणि औषधाच्या ३ वेल. कंट्रोलची सरासरी आली ०.८०, ०.९५, ०.६५ आणि औषधाची ०.६२, ०.८०, ०.५८. (आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून मी गोल केलेत.) एका दिवसातल्या तीन वेल मात्र अगदी चिकटून, म्हणजे ०.७८, ०.८०, ०.८२ अशा.

आता शितावरून भाताची परीक्षा आपण सगळेच करतो आणि ती बरोबरच असते, पण ती त्या पातेल्यापुरती. एकाच पातेल्यातली तीन शितं दाबून बघितली तर माझं बोट नीट चालतंय का एवढं कळतं, उद्याचा भात कसा होईल ते नाही कळत. एका प्लेटमधल्या तीन वेल म्हणजे ती तीन शितं, टेक्निकल रेप्लिकेट. वेगळ्या आठवड्यात वेगळ्या फ्लास्कमधून नव्याने मांडलेली प्लेट म्हणजे वेगळं पातेलं, आणि एन म्हणजे पातेली किती ते. शितं पातेली म्हणून मोजणं याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. हा शब्द हर्लबर्ट नावाच्या इकॉलॉजिस्टच्या १९८४ च्या पेपरमुळे रुळला, तिथे तळी आणि शेतांचे तुकडे होते, आपल्याकडे वेल आहेत, चूक तीच.

पहिला पर्याय, एन ९. सगळ्या ९ वेल कंट्रोलमध्ये, ९ औषधात आणि साधी अनपेअर्ड टी टेस्ट. टी येतो २.४ च्या आसपास, डिग्रीज ऑफ फ्रीडम १६, पी साधारण ०.०३. ०.०५ च्या खाली, म्हणजे स्टार मिळाला. पण ही टेस्ट धरून चालते की प्रत्येक वेल स्वतंत्र आहे, आणि ते उघड खोटं आहे, कारण एका दिवसाच्या वेलमध्ये तेच पॅसेज, तोच सीरम, तेच सेल काउंटिंग, तीच औषधाची डायल्यूशन. त्या दिवशी माझ्याकडून सेल्स कमी पडले असतील तर तिन्ही वेलमध्ये कमीच पडलेत. म्हणजे माहिती तिघांची आणि मतं नऊ.

दुसरा पर्याय, एन ३, पण तशीच अनपेअर्ड टेस्ट. दर दिवशीच्या तीन वेलची सरासरी घेऊन एक आकडा करायचा, मग तीन विरुद्ध तीन. टी १.२, पी साधारण ०.२९. ज्युनियर इथेच घाबरली होती, आणि बरेच लोक इथूनच परत ९ कडे पळतात. एन बरोबर आहे हो, पण टेस्ट डिझाइनला धरून नाही, कारण ०.६५ वरून ०.९५ पर्यंत जो झोका आहे तो दिवसांमधला आहे, औषधाचा त्यात काही संबंध नाही, आणि त्याच दिवशी कंट्रोल आणि औषध शेजारीशेजारी होते ही गोष्ट आपण टेस्टला सांगितलीच नाही.

तिसरा पर्याय, एन ३ आणि पेअर्ड. दर दिवसाचा फरक घ्यायचा, ०.१८, ०.१५, ०.०७.

```
control <- c(0.80, 0.95, 0.65)
drug    <- c(0.62, 0.80, 0.58)
t.test(control, drug, paired = TRUE)
```

टी ४.०६, डिग्रीज ऑफ फ्रीडम २, पी ०.०५६. म्हणजे ०.२९ इतकं वाईट नाही आणि ०.०३ इतकं गोडही नाही. माझं मत विचाराल तर लेजंडमध्ये हेच जावं: एन ३ स्वतंत्र प्रयोग, प्रत्येकात ३ वेलची सरासरी, पेअर्ड टेस्ट. एरर बारही त्या तीन आकड्यांवरूनच काढायचे, नऊवरून नाही. आणि दुसऱ्याचा पेपर वाचताना लेजंडवर विश्वास ठेवू नका, डिग्रीज ऑफ फ्रीडम बघा, तीन प्रयोग म्हणतायत आणि तिथे १६ लिहिलंय तर वेल मोजल्यात.

मग लगेच पुढचा प्रश्न येतो की चौथी प्लेट लावून ०.०५ च्या खाली आणू का. फक्त आकडा खाली आणायला एकेक प्लेट वाढवत जाणं आणि खाली आला की थांबणं ही वेगळीच फसवणूक आहे, किती प्रयोग करायचे ते आधी ठरवायला हवं होतं. आता वाढवणार असाल तर पेपरमध्ये तसं लिहा, किंवा आधीच आकडा ठरवून पहिल्यापासून परत करा. पण वाढवायचं काय याबद्दल शंका नको. वेलमधला फरक ०.०२ एवढाच, त्यामुळे फरकांच्या व्हेरियन्समध्ये वेलचा वाटा जेमतेम ८ टक्के आहे, तीनच्या सहा वेल केल्या तर त्यातले अर्धे वाचतील, बास. बाकी ९२ टक्के दिवसांमध्ये आहे आणि ते फक्त नवीन दिवसानेच आवरतं. मग तीन वेल लावायच्याच कशाला, तर एखाद्या वेलमध्ये बुडबुडा आला किंवा पिपेटचं टिप नीट बसलं नाही तर पकडता यावं म्हणून. ते काम त्या चोख करतात.

आता "स्वतंत्र" म्हणजे किती स्वतंत्र, इथे लॅब नोटबुक उघडावी लागते. मंगळवारी सकाळी एका फ्लास्कमधून प्लेट मांडली आणि दुपारी त्याच फ्लास्कमधून, त्याच औषधाच्या ट्यूबमधून दुसरी, तर प्लेट दोन असल्या तरी प्रयोग एकच. मी दोन वेगळे तेव्हाच धरते जेव्हा सेल्स वेगळ्या पॅसेजचे किंवा वेगळ्या व्हायलमधून काढलेले असतात, काउंटिंग परत केलेलं असतं आणि डायल्यूशन ताजी असते. क्यूपीसीआरमध्ये एकाच सीडीएनएचे तीन वेल तर याहून उघड आहेत, त्यांची सीटीची सरासरी काढायची आणि विसरून जायचं. उंदरांमध्ये तीन उंदरांचे दीडशे न्यूरॉन मोजले तरी एन ३, आणि औषध पिंजऱ्याच्या पाण्यात घातलं असेल तर एन पिंजऱ्यांचा. दीडशेही आकडे दाखवायचेच असतील तर मिक्स्ड मॉडेलमध्ये उंदीर रँडम इफेक्ट म्हणून घाला, पण त्यानेही तीनाचे दीडशे होत नाहीत.

ज्युनियरला हे सगळं सांगून झाल्यावर तिने एन ३ केलं, आणि मग मी टायटल बघितलं तर "ब्रेस्ट कॅन्सरमध्ये अमुक औषधाचा परिणाम". एमसीएफ-७ ही लाइन १९७३ मध्ये मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमधून आली, अमेरिकेतल्या एकाच पेशंट बाईच्या सेल्सपासून. म्हणजे प्रयोग तीन असले तरी बाई एकच. ब्रेस्ट कॅन्सरबद्दल बोलायचं तर वेगवेगळ्या लाइन्स किंवा वेगवेगळ्या पेशंटचे सेल्स लागतील आणि एन त्यांचा मोजावा लागेल. ते आत्ता शक्य नव्हतं, म्हणून टायटलमध्ये "एमसीएफ-७ सेल्समध्ये" असं करून घेतलं.