रंग लावायचे की तिकीट काढायचं?

न्हावा शेवा बंदराच्या आमच्या मालवाहतूक फॉरवर्डिंग ऑफिसात सकाळची शिफ्ट सातला सुरू होते. तोवर डॉक्युमेंटेशनचा सामायिक मेलबॉक्स तुंबलेला असतो. माल पाठवणाऱ्या शिपरच्या एसआय म्हणजे शिपिंग इन्स्ट्रक्शन, बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंगच्या ड्राफ्टमधल्या दुरुस्त्या, कटऑफ म्हणजे कागद देण्याची शेवटची वेळ सरकल्याचे निरोप आणि बराचसा नुसता सीसीचा पसारा. पहिल्या अर्ध्या तासात कुठलं काम कुणाच्या गळ्यात, हे ठरलं पाहिजे. हे मी दोन तऱ्हांनी केलंय: आधी आउटलुकमध्ये प्रत्येकाच्या नावाची रंगीत कॅटेगरी लावून आणि आता ओएसटिकेटवर, म्हणजे आलेल्या मेलचं तिकीट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. तुम्हीही याच फाट्यावर असाल तर वाचा.

रंगांचं कौतुक मी आजही करतो. नव्या माणसाला दहा मिनिटांत शिकवता येतं, वेगळा सर्व्हर लागत नाही. तीन जण, एकच शिफ्ट, एकच खोली, असं असेल तर मी म्हणेन तिकिटांच्या भानगडीत पडूच नका.

आमचं गणित बिघडलं ते एका सोमवारी. रविवारी रात्री एका शिपरची एसआय आली, तिच्यावर सकाळच्या सहकाऱ्याचा हिरवा रंग लागला. पहाटे पाच-चाळीसला त्याच मेलला शिपरचं उत्तर आलं: दुसऱ्या कंटेनरचं वजन 18,420 नाही, 19,240 किलो धरा. आता रंग लागतो तो त्या एका मेलला, कामाला नव्हे. उत्तर हा नवा मेल, त्यामुळे तो कोराच आला. रात्रपाळीच्या मित्राने दुसरंच काही शोधताना तो उघडला, आणि सामायिक मेलबॉक्समध्ये एकाने उघडलेला मेल सगळ्यांसाठीच वाचलेला होतो. सातला आम्ही फक्त न वाचलेले मेल चाळायचो. एसआय जुन्या वजनासकट गेली, जहाज सुटल्यावर शिपरच्या लक्षात आलं, आणि बीएलच्या दुरुस्तीचा चार्ज आमच्या खिशातून गेला. "मी बघितला होता रे, मला वाटलं हिरवावाल्याने घेतला असेल," मित्र म्हणाला. त्याचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

मग नियम केला: उघडलेला मेल पुन्हा "अनरीड" करून ठेवायचा. दोन आठवडे टिकला.

तिकिटात तेच उत्तर जुन्याच तिकिटाच्या खाली येऊन बसतं, ज्याचं तिकीट त्याच्याच नावावर. तिकीट बंद झालेलं असेल तर पुन्हा उघडतं. माझ्यापुरता निकाल एवढ्यावरच लागला.

सकाळची फेरी आता अशी होते. पहिल्या फेरीत कुणालाही उत्तर लिहायचं नाही, हा कडक नियम, कारण एक उत्तर लिहायला बसलं की वीस मिनिटं जातात आणि तळाशी दुपारच्या कटऑफचं काम पडून राहतं. पसारा बंद करायचा, एकाच शिपमेंटची दोन तिकिटं असतील तर जोडायची, उरलेल्यांना मुदत आणि मालक द्यायचा. मुदत मात्र हाताने घालावी लागते. एसएलएचं, म्हणजे काम उरकण्याच्या ठरीव वेळेचं घड्याळ तिकीट उघडल्यापासून चालतं, जहाजाला त्याचं सोयरसुतक नसतं. दुपारी दोनचा कटऑफ असेल तर आम्ही बाराची मुदत टाकतो आणि यादी मुदतीप्रमाणे लावतो. साडेसातला बिनमालकाचं तिकीट एकही उरता कामा नये.

तिकिटांचाही त्रास आहेच. "नोटेड, थँक्स" एवढ्या मेलनेही बंद तिकीट उघडतं. रोज सकाळी अशी पाच-सहा पुन्हा मिटवायची. शिपरने जुन्या मेलला उत्तर न देता नवा विषय टाकून लिहिलं तर दुसरं तिकीट निघतं, आणि ते ओळखायला बुकिंग नंबरावर शोध घ्यावाच लागतो. एकदा तर यादी चक्क रिकामी दिसली. आम्ही खुशीत चहा मागवला. मेलबॉक्सचा पासवर्ड बदलला होता, त्यामुळे रात्रभर तिकिटात मेल ओढलेच गेले नव्हते. तेव्हापासून आधी मेलबॉक्समधल्या शेवटच्या मेलची वेळ आणि शेवटच्या तिकिटाची वेळ शेजारी ठेवून बघतो.

हे सगळं सांभाळायला कुणीतरी थोडा तांत्रिक माणूस हाताशी हवा. तो नसेल तर माझं मत तुम्हाला लागू होईलच असं नाही. पण दोन शिफ्ट असतील आणि एकच काम दोघांच्या हातून जात असेल, तर मी तरी रंगांकडे परत जाणार नाही.

रात्रपाळीचा तो मित्र आता जाताना एवढंच सांगतो: "माझ्या नावावर दोन होती, एक मिटवलं, दुसरं तुझ्या नावावर केलंय. दहाच्या आत बघ."