व्हिस्कोसचा बाटलीहिरवा कुर्ता: नऊ महिने वापरल्यावर, पाण्याच्या डागांविषयी

गेल्या नोव्हेंबरात पणजीत साटीन विणीचा, बाटलीहिरव्या रंगाचा व्हिस्कोस कुर्ता घेतला. नऊ महिन्यांत आठवड्यातून एकदा तरी अंगात असतो. गोव्याच्या उकाड्यात हा कपडा सुखाचा आहे, घाम टिपतो, अंगाला चिकटत नाही आणि छान पडतो. कपड्याबद्दल माझी तक्रार एकच आहे, ती म्हणजे पाण्याचे डाग. त्यावर बरीच खटपट केली, म्हणून तेवढंच सविस्तर लिहिते.

जानेवारीत फोंड्याला कला मंदिरात नाटकाला गेले होते. मध्यंतरात हात धुताना पुढच्या बाजूला पाचसहा थेंब उडाले. घरी येईपर्यंत ते वाळले आणि प्रत्येक थेंबाच्या जागी रुपयाएवढं गोल वळं उमटलं, कडेला गडद, मध्ये फिकट. मी रुमाल ओला करून ते पुसलं. सकाळी पाहते तर रुपयाचा तळहात झालेला.

असं का होतं, ते नीट कळल्यावरच उपाय सापडला. व्हिस्कोस म्हणजे रेयॉनचाच मुख्य प्रकार. तो लाकडाच्या लगद्यापासून करतात. मूळ द्रव्य सुतासारखंच, पण तंतूची आतली बांधणी सैल असते. त्यामुळे पाणी पटकन आत शिरतं आणि तंतू फुगतो. वाळताना तो इस्त्रीने बसवला होता तसा परत बसत नाही. साटीनची सगळी चमक धागे सपाट बसण्यावर असल्यामुळे तेवढीच जागा वेगळी दिसते. दुसरं कारण म्हणजे कापडावर गिरणीत दिलेलं फिनिश, मऊपणाची द्रव्यं, खळ आणि जास्तीचा सुटा रंग. पाण्याचा थेंब हे विरघळवून घेतो. थेंबाची कड आधी सुकते, मग मधलं पाणी सारखं कडेकडे ओढलं जातं आणि सगळा माल तिथे टाकून उडून जातं. टेबलावर सांडलेला चहा वाळला की कडेला तपकिरी रेघ राहते, तीच ही गोष्ट. ओल्या रुमालाने मी डाग काढला नव्हता, फक्त कड पुढे ढकलली होती.

पाण्यातल्या क्षारांचाही संशय होता. त्यासाठी नळाचे दोन थेंब स्टीलच्या ताटलीवर वाळवले. पांढरी भुकटी जवळजवळ उरली नाही, म्हणजे आमच्याकडे तरी दोष पाण्याचा नव्हता. तुमच्या ताटलीवर पांढरं वळं राहिलं, तर शेवटचं खंगाळणं गाळलेल्या नव्हे, उकळलेल्याही नव्हे, तर डिस्टिल्ड पाण्याने करा. बॅटरीत घालायचं म्हणून ते दुकानात मिळतं. घरातल्या साध्या गाळणीने विरघळलेले क्षार निघत नाहीत.

मग उपाय असा ठरला की कड कापडावर कुठेच राहू द्यायची नाही. पाणी सगळ्या कपड्याला एकदम लागलं पाहिजे आणि सगळीकडून एकदमच गेलं पाहिजे. पहिली अर्धी गोष्ट सोपी आहे. आधी आतल्या शिवणीला ओला पांढरा रुमाल दाबून रंग जातो का पाहिलं. हिरवट छटा अगदी पुसट आली, तेवढी चालते. गडद उतरला तर कपडा सरळ ड्रायक्लिनिंगला द्यावा. बालदीत साधारण दहा लिटर गार पाणी, त्यात चहाचा एक चमचा पातळ, सौम्य साबण. कुर्ता उलटा करून एका दमात पूर्ण बुडवला. पाच मिनिटं हाताने हळूहळू दाबत राहिले, चोळलं अजिबात नाही. व्हिस्कोस ओला झाला की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते, म्हणून बाहेर काढतानाही खांद्याला धरून उचलायचा नाही, दोन्ही हातांवर तोलून घ्यायचा. दोनदा खंगाळून जाड टॉवेलात गुंडाळून दाबला, पिळला नाही.

इथवर सगळं बरोबर झालं आणि मग मी तो दोरीवर टाकला. पाणी ओघळून खाली उतरलं, वरचा भाग आधी सुकला, आणि घेरापासून चार बोटं वर आडवी पुसट रेघ उमटली. जानेवारीची वळी मात्र पार गेली होती. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा केलं. या वेळी खाटेवर कोरडी सुती चादर पसरून त्यावर कुर्ता आडवा घातला, पंखा लावला, आणि अर्ध्या तासाने उलटला. अंगाला गार लागतो पण हाताला ओल लागत नाही, इतपत झाल्यावर उलट्या बाजूने, वर पातळ सुती कापड ठेवून मध्यम गरम इस्त्री केली. पूर्ण वाळण्याआधी इस्त्री करायची ती यासाठीच की शेवटची ओल इस्त्रीने सगळीकडून सारखी जावी. खिडकीशी तिरप्या उजेडात धरून पाहिला तर एकही कड दिसली नाही. लांबी 44 इंचांची 42 झाली होती. दमट असताना इस्त्रीखाली हलक्या हाताने ओढून 43 पर्यंत आणली.

त्यानंतर पुन्हा डाग दिसले ते इस्त्रीनंतर. सासूबाई म्हणाल्या, “अगो, कोरडीच इस्त्री फिरवतेस? चार थेंब शिंपड.” सुती साडीला ते बरोबर आहे, व्हिस्कोसला ते चार थेंबच चार डाग होतात. वाफेची इस्त्री पुरती तापायच्या आधी फिरवली तरी तिच्या भोकांतून थेंब पडतात. आता मी इस्त्री तापल्यावर आधी जुन्या फडक्यावर वाफ सोडून पाहते. सुरकुत्या हट्टी असतील तर सुती पंचा ओला करून घट्ट पिळते, तो कुर्त्यावर पसरते आणि वरून इस्त्री फिरवते.

पावसाळ्यात प्रत्येक वेळी कुर्ता बुडवणं जमत नाही. बसच्या खिडकीतून एकदोन थेंब आले, तर ते ताजे असतानाच कोरड्या रुमालाने टिपते आणि घरी आल्यावर वाफ देते. इस्त्री कापडापासून वीतभर लांब धरायची, हात हलता ठेवायचा आणि पुढचा भाग या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत सारखा दमट करायचा, फक्त डागावर थांबायचं नाही. मग झटकून पंख्याखाली धरायचा. हलका डाग याने जातो. गडद कडेचं वळं वाफेने पुसट होतं, जात नाही. त्याला बालदीच लागते.

जाऊबाईंची व्हिस्कोस क्रेपची ओढणी मात्र मी हातात घेतली नाही. क्रेपचे धागे फार पीळ दिलेले असतात, पाणी लागताच ते आवळतात आणि कापड हातभर आखडू शकतं. बारीक खरबरीत सुरकुतलेला पोत दिसला तर बुडवू नये.

छापील रेयॉनचा दुसरा एक कुर्ता माझ्याकडे आहे. त्यावरही डाग पडत असणार, पण नक्षीत दिसत नाहीत. रोजच्या वापराला मी तोच सुचवेन.

हिरव्या कुर्त्यावर आज एकच खूण उरली आहे, छातीशी डावीकडे, जिथे त्या रात्री मी ओल्या रुमालाने घासलं होतं. वळं धुऊन गेलं, पण तिथले ओले तंतू घासून उसवले आणि पांढरट लव आली. ती धुण्याने जात नाही. त्या जागेवर आता मी ब्रोच लावते.