बुडेसोनाइडचा पंप, आठ महिन्यांनंतर: औषधाला साडेचार, डबीला शून्य

औषधाबद्दल तक्रार नाही. डबीबद्दल आहे, आणि ती जरा लांबणार आहे.

लेक आठ वर्षांची, तिला दमा आहे. बुडेसोनाइड १०० चा पंप, स्पेसर लावून सकाळ-संध्याकाळ एकेक पफ, असं सुरू झालं. दिवसाला २०० मायक्रोग्रॅम म्हणजे सहा ते अकरा वयासाठी कमी मात्रा. त्यापुढे ४०० पर्यंत मध्यम. (फ्लुटिकासोन या दुसऱ्या औषधाची मोजपट्टी वेगळी. त्याचे २०० म्हणजे मध्यम मात्रेचं वरचं टोक, तेव्हा शेजारच्या मुलाच्या आकड्याशी तुलना नको.) रात्रीचा खोकला हटेना. डॉक्टरांनी पंप घ्यायची पद्धत समोर करून बघितली, ती बरोबर निघाली, मग दोन-दोन पफ केले. पोरगी शांत झोपू लागली.

तेव्हा माझं मत होतं की चाललंय ते चालू द्यावं. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं: बराचसा फायदा कमी मात्रेतच मिळतो, वाढवल्यावर भर थोडी पडते. अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात रोज ४०० बुडेसोनाइड काही वर्षं घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटीमीटर कमी भरली. दम्याच्या अटॅकपुढे ही किंमत मोठी नाही, पण विनाकारण का मोजायची? मला पटलं. शिवाय २०० पफांची डबी पन्नासऐवजी शंभर दिवस पुरणार, हेही पटलं.

घाई मात्र केली नाही. तीन महिने रात्रीचा खोकला नाही, धाप लागल्यावर घ्यायचा निळा पंप लागत नाही, पळताना धाप नाही, एवढं झाल्यावरही दिवाळीचा धूर आणि सर्दी सरेपर्यंत थांबलो. मग मात्रा निम्मी, परत २०० वर. बंद नाही.

काही आठवडे छान गेले आणि खोकला परतला. घरात एकच सूर: कमी केल्यामुळेच झालं, वाढवा परत. डॉक्टरांनी विचारलं, "ही डबी कधी फोडली?" हिशोब मांडला. मात्रा कमी करायच्या तीस दिवस आधी फोडलेली, रोज चार पफ, म्हणजे १२० गेले. उरले ८०, रोज दोन, चाळीस दिवस. ते कधीच उलटले होते! पोरगी नुसता गॅस ओढत होती. औषधाचे पफ संपले तरी डबी फुसफुसत राहते, हलवली तर आत खळखळतेही. पाण्यात तरंगवून बघायची युक्तीही भरवशाची नाही. आणि या कंपनीने डबीवर आकडा दाखवणारं काउंटर दिलेलं नाही. आजच्या काळात!

नवी डबी, तेच २००, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत खोकला थांबला. ४०० वर जावंच लागलं नाही.

आता काउंटरवाला पंप घेतो, थोडा महाग पडला तरी. तीन महिने असेच गेले तर पुढची पायरी रात्रीचा एकच पफ, दिवसाला १००. स्पेसर तोच आहे. महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुऊन न पुसता वाळवतो. पुसला की त्यावर वीज साचते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.