कोटेशन देऊन दोन आठवडे झाले, उत्तर नाही: मेल करावा, फोन करावा की जाऊन भेटावं?

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याला मी कॉम्प्रेसरच्या हवेच्या लाइनचं प्रपोजल दिलं होतं. जुनी जीआय पाइपलाइन सांध्यासांध्यांत गळत होती, ती काढून अ‍ॅल्युमिनियमची टाकायची. काम साडेसहा लाखांचं, दराची मुदत ३० दिवस. मेंटेनन्सच्या साहेबांनी स्वतः बोलावलं होतं, मापं घेताना शिडीपाशी उभे राहिले होते. मंगळवारी मेल गेला. त्यानंतरचे दोन मंगळवार आले नि गेले, तिकडून एक ओळ नाही.

अशा वेळी आपल्यासमोर चार वाटा असतात: त्याच मेलवर पुन्हा लिहायचं, फोन लावायचा, व्हॉट्सअ‍ॅप करायचं किंवा सरळ गेटवर जाऊन उभं राहायचं. कोणती घ्यायची हे आपल्या स्वभावावर सोडलं तर चुकतं. पलीकडे आपला कागद कुठे अडकलाय, त्यावर ते ठरतं.

मध्यम आकाराच्या कारखान्यात कोटेशन असं फिरतं. मेंटेनन्सवाले मागणी काढतात, ती परचेसकडे जाते. परचेस साधारण तीन कोटेशनं जमवतं आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता करतं, ज्याला तिथे सगळे ‘कम्पॅरेटिव्ह’ म्हणतात. तो तक्ता सहीसाठी वर जातो, मग दर कमी करायला आपल्याला बोलावणं येतं आणि शेवटी पीओ निघते. यात तिसऱ्या पार्टीचं कोटेशन आलं नाही म्हणून सगळं थांबलं, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. म्हणजे आपण ज्यांना विचारतोय त्या साहेबांच्या हातात बऱ्याचदा काहीच नसतं. त्यांना ‘निर्णय झाला का?’ विचारलं की ते अडचणीत येतात, कारण उत्तर त्यांनाही माहीत नसतं. दोनदा असं झालं की ते आपला फोन उचलायचं टाळतात, आणि आपल्याला वाटतं की काम गेलं.

म्हणून मी एक धरून चाललोय: माणसाला त्याच्या खुर्चीवर बसून लगेच देता येईल असाच प्रश्न विचारायचा. ‘फाईल आता परचेसला गेली का?’ याचं उत्तर मेंटेनन्सवाले एका शब्दात देतात. ‘आमच्या कोटेशनमध्ये काही माहिती कमी पडतेय का?’ याचं उत्तर परचेसवाले देतात. दोन्हींत घाई दिसत नाही आणि आपल्याला हवं ते कळतं.

मेल आणि फोन

दोन आठवड्यांनंतरची पहिली हालचाल मेलवरच करावी, असं माझं मत आहे. समोरच्याला सवडीनं उत्तर देता येतं, मजकूर तसाच पुढे परचेसला पाठवता येतो आणि लेखी राहतं. नवा मेल मात्र काढू नका. जुन्याच मेलला उत्तर म्हणून लिहा, म्हणजे मूळ कोटेशन खालीच राहतं आणि त्यांना शोधाशोध करावी लागत नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवा: उत्तर देताना जुनी फाईल आपोआप जात नाही, ती पुन्हा जोडावी लागते.

अंबडच्या त्या मेलमध्ये मी जे लिहिलं ते असं होतं. आमच्याकडे मेल इंग्रजीतच जातात, आशय मराठीत देतो:

“नमस्कार साहेब, ४ तारखेला हवेच्या लाइनचं कोटेशन पाठवलं होतं, सोयीसाठी पुन्हा जोडतोय. परचेसला तुलनेसाठी पाइप, फिटिंग आणि मजुरी वेगवेगळी हवी असेल तर तशी फोड करून देतो. दर ३ तारखेपर्यंत कायम आहेत. त्यापुढे गेलं तरी हरकत नाही, फक्त त्या दिवसाचा अ‍ॅल्युमिनियमचा भाव पाहून नव्याने द्यावे लागतील. फाईल सध्या आपल्याकडे आहे की परचेसकडे, एवढं कळवलंत तरी पुरे.”

यात मुदतीचं वाक्य सर्वांत नाजूक आहे. ‘दर वाढणार आहेत, लवकर कळवा’ म्हटलं की धमकी वाटते, त्यातून दर वाढलेच नाहीत तर पुढच्या वेळी आपला शब्द कोणी धरत नाही. तारीख सांगायची, ती उलटली तर काय होईल तेही सांगायचं आणि थांबायचं. मुदत खरी असेल तरच लिहायची.

मेलची मर्यादा ही की तो पोचलाच नसेल तर आपल्याला कळत नाही. फोटो आणि ड्रॉइंग घातलेली जड पीडीएफ बऱ्याच कंपन्यांचे सर्व्हर अडवतात. जीमेलवरून २५ एमबीपर्यंत फाईल जाते खरी, पण घेणाऱ्याची मर्यादा त्याहून कमी असू शकते. मेल परत आला तर बरं, पण कधीकधी तो तिकडे स्पॅममध्ये पडून राहतो आणि आपण मात्र रुसून बसतो. उत्तर मागणारी ‘रीड रिसीट’ लावू नका. समोरच्याच्या स्क्रीनवर ‘वाचल्याचं कळवू का?’ अशी चौकट उघडते आणि कोणीतरी मागे उभं राहून बघतंय असं वाटतं.

इथे फोन उपयोगी पडतो. मेलनंतर दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे आणि एकच फोन करायचा. कारखान्यात सकाळी शिफ्ट सुरू होताना आणि प्रॉडक्शन मीटिंगच्या वेळी करू नका. मी साधारण साडेअकराच्या पुढे किंवा दुपारी तीननंतर करतो. एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं नाही, ती आधी विचारून ठेवलेली बरी. फोन उचलला नाही तर त्या दिवशी पुन्हा नाही. एकापाठोपाठ तीन मिस्ड कॉल पडले की पुढचं बोलणं कितीही गोड असलं तरी वाया जातं.

मी शुक्रवारी फोन केला. “सर, दोन मिनिटं बोलता येईल का आत्ता?” हे आधी विचारलं. मग म्हणालो, “मेल पोचलाय का, एवढंच बघायचं होतं.” ते म्हणाले, “पोचलाय हो. परचेसला दिलाय. त्यांचं तिसरं कोटेशन यायचंय, ते आलं की कम्पॅरेटिव्ह बनेल.” मी विचारलं, “मग पुढच्या बुधवारी विचारू का, की त्याच्या पुढे?” ते म्हणाले, “त्याच्या पुढच्या सोमवारी करा.” या प्रश्नासाठीच फोन मेलपेक्षा वरचढ ठरतो. पुढची तारीख त्यांच्या तोंडून आली की त्या दिवशी केलेला फोन कोणालाच जाच वाटत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप आणि गेटवरची भेट

व्हॉट्सअ‍ॅप तेव्हाच, जेव्हा समोरच्याने स्वतः त्यावर बोलणं सुरू केलंय. मापं किंवा साइटचे फोटो त्यांनीच पाठवले असतील तर त्याच चॅटमध्ये दोन ओळी चालतात. सुरुवातीच्या वर्षांत मी एका प्लांट हेडना रात्री नऊला मेसेज टाकला होता: “सर, अजून उत्तर आलं नाही.” निळ्या टिका पडल्या, उत्तर आलं नाही, आणि त्यानंतर त्यांच्याकडून चौकशीच आली नाही. आता दिसतं की वेळेपेक्षा ‘अजून’ हा शब्द जास्त टोचला असणार. ‘अजून’ म्हटलं की तुम्ही उशीर केलात असा अर्थ आपसूक येतो. ‘आठवण करून देतो’मध्ये तुम्ही विसरलात असं ऐकू येतं, ‘पाहिलंत का?’मध्ये पाहिलं नसणार असा संशय असतो. हेच ‘कुठपर्यंत आलंय?’ म्हणून विचारलं तर बोट कामाकडे जातं, माणसाकडे जात नाही. ‘जेंटल रिमाइंडर’ हे शब्दही मी सोडून दिलेत. दुसऱ्यांदा आले की त्यांत जेंटल काही राहत नाही.

न सांगता गेटवर जाणं मी टाळतो. सिक्युरिटीवाला फोन करून विचारतो, साहेबांना चारचौघांत नाही म्हणावं लागतं किंवा कामातून उठून यावं लागतं. जायचंच असेल तर आपल्याकडे काही नेण्यासारखं असावं: पाइपचा नमुना किंवा गळतीचं नवं माप. तेही आदल्या दिवशी विचारून.

आणि उत्तर मिळेना म्हणून त्यांच्या वरिष्ठांना मेलच्या कॉपीत ठेवणं, ही वाट मी मोजतच नाही. ज्यांनी आपल्याला आत आणलं त्यांचीच तक्रार केल्यासारखं होतं ते.

मालक स्वतः निर्णय घेणारा असेल तर

वर सांगितलं ते परचेस विभाग असलेल्या कंपनीचं. पिंपळगाव बसवंतकडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसला प्रीकूलिंगच्या दाराचं किंवा पफ पॅनेलचं कोटेशन दिलं असेल तर क्रम उलटा. तिथे मेल कोणी उघडत नाही, मालक स्वतः फोनवर ठरवतो. आणि जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास माल काढणी, प्रतवारी नि कंटेनर भरणं चालू असतं. तेव्हाचे दोन गप्प आठवडे म्हणजे नकार अजिबात नव्हे. त्या दिवसांत एकच व्हॉइस मेसेज पुरतो: “दादा, गडबडीत आहात ठाऊक आहे. माल आटोपला की एकदा येऊन खोली बघून जाईन, तुम्ही म्हणाल त्या दिवशी.” मग खरंच थांबायचं. तिथे प्रत्यक्ष भेट चारही वाटांत सरस ठरते, कारण शेडमध्ये उभं राहिल्यावरच खरं बोलणं निघतं.

सरकारी निविदेत मात्र यातलं काहीच लागू नाही. निविदा उघडल्यापासून काम देईपर्यंत स्वतःहून संपर्क करायला बहुतेक निविदांच्या अटींतच मनाई असते. mahatenders.gov.in वर निविदेची स्थिती दिसते, ती पाहायची आणि लेखी खुलासा मागितला तरच द्यायचा.

तिसऱ्या वेळेला

अंबडच्या कामात ठरलेल्या सोमवारी फोन केला तेव्हा परचेसने दरांची फोड मागितली, ती त्याच संध्याकाळी गेली. मग पुन्हा शांतता. दहा दिवसांनी मी शेवटचा मेल लिहिला: “हे काम या तिमाहीत मागे पडलं असेल तर तसं कळवलंत तरी चालेल. मी मापांची फाईल जपून ठेवतो, पुन्हा निघालं की नव्या दराने लगेच देता येईल.” ‘नाही’ म्हणणं सोपं करून दिलं की खरं कारण बाहेर येतं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: बजेट ऑक्टोबरात मिळणार, तोवर फक्त सर्वाधिक गळणाऱ्या साठ मीटरचा वेगळा दर द्या. मी शिडी घेऊन पुन्हा मापं घेऊन आलो.