आडवा व्हिडिओ आणि उभी रील एकाच शूटमधून: आठ महिन्यांचा अनुभव

कोथरूडला काकूच्या स्वयंपाकघरात गेले आठ महिने दर रविवारी शूट करतोय. पदार्थाचा एक लांब आडवा व्हिडिओ आणि त्यातूनच दोन-तीन उभ्या रील असं ठरवलं होतं. फोन एकच, मी एकटा आणि काकू पुरणपोळी दोनदा लाटून दाखवणार नाही, त्यामुळे एकाच शूटमधून दोन्ही काढायचं होतं.

पहिले दोन महिने मी 1080p आडवं शूट करत होतो आणि रील त्यातून कापायचो. फोनवर बघताना रीलमधलं पीठ, रवा, कोथिंबीर सगळं गिळगिळीत दिसायचं, मला वाटायचं अपलोड करताना क्वालिटी जातेय. खरं कारण साधं गणित होतं. 1920×1080 च्या फ्रेममधून 9:16 कापलं की उंची 1080 आणि रुंदी फक्त 607 उरते, आणि रीलला हवं 1080×1920, म्हणजे चित्र पावणेदोन पटीहून जास्त ताणलं जायचं. 4K ला म्हणजे 3840×2160 ला तसंच कापलं तर 1215×2160 मिळतं, रीलला लागतं त्यापेक्षा थोडं जास्तच, म्हणजे डावी-उजवीकडे सरकवायला नाही तर हलकं झूम करायला पण जागा राहते. लांब व्हिडिओ मी अजून 1080p च टाकतो, 4K मी फक्त रीलसाठी घेतो. फाईल माझ्या फोनवर साधारण तिप्पट मोठी होते, ते सोसावं लागतं.

पण पिक्सेल मिळाले म्हणून फ्रेम मिळते असं नाही, हे मला पुरणपोळीच्या दिवशी कळलं. डावीकडे पोळपाट, उजवीकडे तवा, आडव्यात मस्त दिसत होतं, आणि रील कापायला बसलो तर उभ्या कापात रुंदीचा तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी भाग येतो, एकतर पोळपाट दिसणार नाहीतर तवा. पोळी लाटून तव्यावर टाकतानाचा जो क्षण हवा होता तोच दोन्हींच्या मधे हरवला. तेव्हापासून दोन गोष्टी करतो. फोनच्या स्क्रीनवर मधल्या तिसऱ्या भागाच्या दोन्ही बाजूंना कागदी टेपच्या बारीक पट्ट्या लावून ठेवल्यात, महत्त्वाचं काम त्यांच्या आत व्हायला हवं. आणि वस्तू शेजारी-शेजारी न ठेवता पुढे-मागे ठेवतो, पोळपाट पुढे, तवा मागे, कॅमेरा थोडा वरून. मग पोळी फ्रेममध्ये खालून वर जाते आणि उभ्यात सगळं मावतं, आडव्यात पण वाईट दिसत नाही. रीलवर लिहायचं असेल तर अगदी खाली आणि उजव्या कडेला लिहू नका, तिथे कॅप्शन आणि बटणं येतात.

आता फ्रेम रेट, यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. रील स्मूथ दिसावी म्हणून 60 वर शूट करत होतो आणि संध्याकाळी ट्यूबच्या उजेडात भिंतीवर काळपट आडवे पट्टे सरकताना दिसायचे. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे अशा दिव्याचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. शटर 1/50 असेल तर प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन झोत मिळतात, 1/100 असेल तर एक, पण 1/60 ला एक पूर्ण आणि एक अर्धवट, म्हणून पट्टे. 60 फ्रेमला शटर 1/60 पेक्षा हळू ठेवताच येत नाही, त्यामुळे 1/100 हा एकच मार्ग उरतो, तो लावला की 1/50 च्या निम्मा उजेड, आणि काकूच्या स्वयंपाकघरात तेवढ्यात चित्र दाणेदार होतं.

माझ्या फोनच्या साध्या कॅमेऱ्यात 25 चा पर्याय नाही (असेल तर 25 आणि 1/50 ची जोडी सगळ्यात सोपी), म्हणून मी प्रो मोडमध्ये 30 फ्रेम आणि शटर 1/50 लॉक करतो. पट्टे गेले ते परत आले नाहीत. शटर ऑटोवर सोडलं तर फोन उजेड बघून ते मधेच बदलतो, लॉक करायला विसरू नका. फोडणी किंवा तूप ओतण्याचा स्लो मोशन 120 वर हवा असेल तर ट्यूब बंद करून सकाळी खिडकीच्या उजेडातच घ्या, 120 ला शटर 1/100 पण बसत नाही, त्यामुळे त्या ट्यूबखाली लुकलुक येणारच. काही चांगले एलईडी असे लुकलुकत नाहीत, विकत घेण्याआधी फोनचं शटर 1/1000 वगैरे वेगवान करून दिवा बघा, पट्टे दिसले तर तो घेऊ नका.

एक अडचण अजून आहे. 4K वर सलग वीस-पंचवीस मिनिटं, तेही गॅसजवळ, फोन इतका तापतो की रेकॉर्डिंग आपोआप थांबतं, चकलीच्या वेळी पहिला घाणा असाच गेला. आता पीठ मळणं, निवडणं वगैरे जे रीलमध्ये जाणारच नाही ते 1080p वर घेतो, तेही 30 वरच, आणि 4K फक्त लाटणं, तळणं, वाढणं एवढ्यासाठी राखून ठेवतो.