स्ट्रोक व्हॉल्यूम घटला आहे: सलाइन, प्राझोसिन की डोब्युटामीन?

कोकणातला लाल विंचू चावलेला रुग्ण ज्यांनी हाताळला आहे, त्यांना एक पेच ओळखीचा असेल. मूल घामाने चिंब असते, दोन-तीन उलट्या होऊन गेलेल्या असतात, तळवे बर्फासारखे गार लागतात आणि नाडी मिनिटाला १४० च्या घरात असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त, म्हणजे स्ट्रोक व्हॉल्यूम, घटला आहे हे उघड असते. प्रश्न एवढाच असतो की हात सलाइनच्या बाटलीकडे जावा, प्राझोसिनच्या गोळीकडे, की डोब्युटामीनच्या सिरिंज पंपाकडे. हे तीन उपाय अनुक्रमे प्रीलोड, आफ्टरलोड आणि काँट्रॅक्टिलिटी या तीन वेगळ्या गोष्टींवर काम करतात. त्यांची तुलना मी विंचूदंशाच्याच आधाराने करतो, कारण या एका विषबाधेत तिन्ही गोष्टी एकामागून एक, आणि कधी एकत्रही, बिघडतात.

आधी आकडे पाहू. ते प्रौढ माणसाचे आणि समजण्यापुरते घेतले आहेत. मुलात ते त्याच्या आकारमानाप्रमाणे लहान होतील. निरोगी हृदयाच्या डाव्या जवनिकेत प्रसरणाच्या शेवटी १२० मिलिलिटर रक्त भरलेले असते, आकुंचनानंतर ५० मिलिलिटर मागे उरते, म्हणजे ७० मिलिलिटर महाधमनीत जाते. आता तीन आजारी हृदये घ्या. पहिल्यात भरतानाच ७५ आले आणि ३५ उरले. दुसऱ्यात १३० भरले, पण ९० उरले. तिसऱ्यात १६० भरले आणि १२० उरले. तिन्हींचा स्ट्रोक व्हॉल्यूम ४०च आहे, आणि उपचार मात्र तिघांचे वेगळे आहेत. पहिल्याचा तोटा भरण्यात आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्याचा तोटा रिकामे होण्यात आहे. पण दुसरे हृदय समोरच्या बंद दाराला ढकलत आहे, तर तिसऱ्याच्या अंगातच बळ उरलेले नाही.

इजेक्शन फ्रॅक्शन पाहून दुसरे आणि तिसरे वेगळे करता येईल असे पुष्कळांना वाटते, पण ते फसवे आहे. वरच्या आकड्यांत पहिल्या हृदयाचे इजेक्शन फ्रॅक्शन ५३ टक्के, दुसऱ्याचे ३१ आणि तिसऱ्याचे २५ येते. दुसऱ्याचा स्नायू मुळात सुदृढ असूनही आकडा पडलेला आहे, कारण तो आकडा काँट्रॅक्टिलिटी मोजत नाही. काँट्रॅक्टिलिटी आणि आफ्टरलोड यांच्या झुंजीचा तो निकाल सांगतो. इको करणाऱ्याने ‘इएफ कमी’ असे लिहून दिले की लगेच डोब्युटामीन जोडण्याची जी सवय आहे, तिच्यामागे हाच गैरसमज असतो. म्हणून इकोच्या कागदावर त्या क्षणीचा रक्तदाब लिहिलेला नसेल तर मी तो आधी विचारतो.

विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमच्या वाहिन्या वेळेवर बंद होऊ देत नाही, त्यामुळे स्वायत्त मज्जासंस्थेत वादळ उठते. आधी थोडा वेळ ॲसिटिलकोलीनचा जोर असतो. त्यात उलट्या, घाम, लाळ आणि मुलग्यांत शिस्नाचा ताठरपणा दिसतो. पाठोपाठ कॅटेकोलामाइन्सचा लोंढा येतो आणि तो तासन्‌तास टिकतो. पहिल्या टप्प्यात शरीरातले पाणी जाते, म्हणजे प्रीलोड घटतो. दुसऱ्या टप्प्यात अल्फा ग्राहींमुळे धमन्या आवळल्या जातात, म्हणजे आफ्टरलोड वाढतो. वादळ लांबले तर त्याच कॅटेकोलामाइन्समुळे हृदयाच्या स्नायूलाच इजा होते आणि काँट्रॅक्टिलिटी खालावते.

आता एक कल्पित रुग्ण घेऊ. आठ वर्षांचा मुलगा आहे, वजन २४ किलो. गवताचा भारा उचलताना दंश झाला आणि तीन तासांनी तो दवाखान्यात पोहोचला. रक्तदाब १५०/११२, नाडी १४०, हातपाय गार, फुप्फुसांच्या तळाशी बारीक क्रेप्ट्स, जीभ कोरडी. जीभ आणि उलट्यांचा इतिहास सलाइनकडे बोट दाखवतात, क्रेप्ट्स फ्युरोसेमाइडकडे बोट दाखवतात, आणि दोन्ही बोटे चुकीच्या दिशेला आहेत.

येथे निर्णय खालच्या रक्तदाबावरून होतो. ज्याचा केवळ प्रीलोड घटला आहे त्याचेही हातपाय गार पडतात, पण त्याचा रक्तदाब चढलेला नसतो. डेंग्यूत केशवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपून शॉक येतो तेव्हा हे स्वच्छ दिसते: वरचा आणि खालचा दाब जवळ येतात, उदाहरणार्थ ९०/७५, हिमॅटोक्रिट वर सरकतो आणि इकोत खालची महाशीर श्वासागणिक मिटताना दिसते. तेथे सलाइनच हवे. आपल्या मुलाच्या बाबतीत मात्र ११२ हा खालचा दाब सांगतो की धमन्या घट्ट आवळलेल्या आहेत. जवनिका रिकामी होत नाही, दाब मागे डाव्या कर्णिकेत आणि तिथून फुप्फुसांत चढतो, आणि पाणी उतरू लागते. क्रेप्ट्स याचा अर्थ शरीरात पाणी जास्त झाले असा नाही. घाम आणि उलट्यांनी एकूण पाणी कमीच झाले आहे; जे आहे ते चुकीच्या जागी गेले आहे. अशा मुलाला जोरात सलाइन दिले तर तासाभरात तोंडाला गुलाबी फेस येऊ शकतो, आणि फ्युरोसेमाइड दिले तर आधीच कमी असलेला भरणा आणखी आटतो. बीटा ब्लॉकरने नाडी उतरवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण मग अल्फा ग्राहींचा आवळ तसाच राहतो आणि हृदयाचा उरलासुरला जोरही काढून घेतला जातो.

या टप्प्यावरचा उपाय म्हणजे अल्फा ग्राही अडवणारे प्राझोसिन. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातल्या विंचूदंशाच्या रुग्णांवर त्याचा वापर करून तो जगासमोर मांडला, आणि आफ्टरलोड उतरवला की हृदय स्वतःच सावरते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. २४ किलोच्या मुलाला ७२० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या साध्या गोळीचा सुमारे पाऊण भाग. गोळी साधीच हवी. हळूहळू विरघळणारी दीर्घ परिणामाची गोळी अशी तोडून देता येत नाही आणि ती वेळेवर कामही करत नाही. मात्रा दर तीन तासांनी, हातपाय कोमट होईपर्यंत देतात. मॉनिटरवरच्या कोणत्याही आकड्याआधी तळपायाची ऊब परत येते, म्हणून दर अर्ध्या तासाने रक्तदाबाबरोबर तळपायाला हात लावून पाहण्याची सूचना परिचारिकेला लेखी द्यावी. विंचवाची प्रतिलस उपलब्ध असेल तर ती सोबत द्यावी. प्राझोसिन विषाला निष्प्रभ करत नाही, ते त्याचा परिणाम अडवते. फुप्फुसांत पाणी भरपूर उतरले असेल आणि रक्तदाब चढाच असेल, तर गोळीवर न थांबता प्राणवायूसह नायट्रोग्लिसरीन किंवा नायट्रोप्रुसाइड शिरेतून सुरू करावे लागते.

प्राझोसिनची मर्यादा प्रीलोडशी जोडलेली आहे. आवळलेल्या धमन्या आणि शिरा सैल पडल्या की आतापर्यंत झाकलेली पाण्याची तूट उघडी पडते. मुलाला याच वेळी लघवीसाठी उठवून उभे केले तर तो कोसळू शकतो. म्हणून त्याला अंथरुणातच ठेवावे आणि उलट्या थांबल्या असतील तर तोंडाने पाणी, क्षारसंजीवनी चमचा-चमचा सुरू करावी. दाब तरीही उतरला तर सलाइनचा विचार करायचा, पण आधी पाय उचलून पाहायचे: अर्धवट बसलेल्या रुग्णाचे धड सपाट करून दोन्ही पाय ४५ अंश वर घेतले की पायांतले रक्त हृदयाकडे येते, आणि मिनिट-दीड मिनिटात इकोवर महाधमनीकडे जाणाऱ्या प्रवाहाचा व्हीटीआय १० टक्क्यांहून अधिक वाढला तर हृदय भरण्यासाठी भुकेले आहे असे समजावे. ही चाचणी म्हणजे परत घेता येणारे सलाइन आहे. क्रेप्ट्स वाढले तर पाय खाली घेता येतात, शिरेत गेलेले पाणी परत घेता येत नाही. फ्रँक आणि स्टार्लिंग यांनी दाखवलेला नियम येथे उपयोगी पडतो, पण त्याची वक्ररेषा सगळीकडे सारखी चढत नाही. चांगल्या हृदयात भरणा ७५ वरून ९५ वर नेला तर स्ट्रोक व्हॉल्यूम ४० वरून ५५ पर्यंत जाईल. १६० भरलेल्या थकलेल्या हृदयात आणखी २० घातले तर एखाद-दुसरा मिलिलिटरच पदरात पडेल आणि उरलेले फुप्फुसांच्या वाट्याला जाईल.

मुलगा उशिरा आला असता, समजा दंशानंतर दीड दिवसाने, तर चित्र बदलले असते. रक्तदाब ७८/५०, नाडी १५०, हातपाय कोमट, क्रेप्ट्स आहेतच, हृदयाचा तिसरा ठोका ऐकू येतो, आणि इकोत मोठी, मंदपणे हलणारी जवनिका. आवळ सुटलेला आहे, पाय उचलून व्हीटीआय हलत नाही, तरीही रक्त बाहेर पडत नाही. दार उघडे असून ढकलणारा दमला आहे. येथे प्राझोसिनचा उपयोग नाही, त्याने दाब आणखी पडेल. येथे डोब्युटामीनची जागा आहे: किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅमने सुरुवात केली तर २४ किलोला तासाला ७.२ मिलिग्रॅम लागते. ५० मिलिग्रॅम औषध ५० मिलिलिटरमध्ये केले असेल तर पंप ७.२ मिलिलिटरवर लावायचा. आकडा पाहून केवळ दाब चढवायला नॉरॲड्रेनॅलिन जोडले, तर ज्या आफ्टरलोडने हे हृदय थकवले तोच पुन्हा डोक्यावर बसवल्यासारखे होते. दाब सुधारलेला दिसतो आणि स्ट्रोक व्हॉल्यूम आणखी घटतो.

डोब्युटामीन हेच पहिल्या दिवशी, १५०/११२ असताना का नको, असे कुणी विचारील. त्या वेळी रक्तात कॅटेकोलामाइन्स आधीच ओसंडून वाहत असतात; चाबूक मारून काही मिळत नाही, उलट नाडी वाढते, प्राणवायूची मागणी वाढते आणि लय बिघडण्याचा धोका वाढतो. अपवाद एकच मिश्र अवस्थेचा: हातपाय अजून गार, फुप्फुसांत पाणी, पण रक्तदाब घसरू लागलेला. तेथे डोब्युटामीन सुरू करून दाब सावरल्यावर धमन्या सैल करणारे औषध अगदी थोड्या मात्रेत जोडावे लागते, आणि हे काम अतिदक्षता विभाग नसलेल्या जागी रेटू नये. प्राणवायू लावून, मूल अर्धवट बसवून, पंप चालू ठेवूनच त्याला पुढे पाठवावे. पाठवताना चिठ्ठीवर प्राझोसिनच्या मात्रांच्या वेळा आणि दर वेळचा वरचा-खालचा दाब लिहावा. पुढच्या डॉक्टरला खालचा दाब कधी उतरू लागला हे त्या रांगेवरूनच कळते.